वारंवारता ठाऊक असताना इष्टतम शोधवृक्ष : पाच शब्दांपासून हजार शब्दांपर्यंतची नोंद

जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह मी टंकलिखित केला आहे, त्याची शब्दसूची शोधण्यासाठी बायनरी सर्च ट्री, म्हणजे प्रत्येक शब्दाच्या डावीकडे वर्णक्रमात त्याच्या आधीचे आणि उजवीकडे नंतरचे शब्द ठेवणारा शोधवृक्ष, वापरायचा, हे मागच्या नोंदीत ठरले होते. सूची आता स्थिर झाली आहे. तिच्यात नवे शब्द येणार नाहीत आणि कोणता शब्द किती वेळा शोधला जातो, याची मोजणीही हाताशी आहे. अशा परिस्थितीत स्वतःला सतत समतोल राखणाऱ्या वृक्षाची गरज उरत नाही. मोजणी लक्षात घेऊन एकदाच असा वृक्ष बांधता येतो की ज्यात सर्व शोधांमधील तुलनांची एकूण संख्या कमीत कमी असेल. या महिन्यात मी तेच काम केले.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी हाताने पडताळता येईल असा पाच शब्दांचा नमुना मी मुद्दाम निवडला. आई, घर, पाणी, माती आणि वाट हे शब्द वर्णक्रमाने आहेत आणि त्यांच्या वारंवारता अनुक्रमे 10, 9, 8, 7 आणि 6 धरल्या आहेत. मुळाशी असलेला शब्द एका तुलनेत सापडतो, त्याखालचा दोन तुलनांत, त्याच्याही खालचा तीन तुलनांत; म्हणून वृक्षाचा खर्च म्हणजे प्रत्येक शब्दाची वारंवारता गुणिले त्याची पातळी, या सर्वांची बेरीज.

सर्वांत जास्त शोधला जाणारा शब्द मुळाशी ठेवावा, ही पहिली कल्पना कोणालाही सुचेल. तसे केल्यास ‘आई’ मुळाशी येते आणि तिच्या डावीकडे कोणताच शब्द नसल्याने उरलेले चारही शब्द उजवीकडे जातात. तिथेही तोच नियम लावला की ‘घर’, मग ‘पाणी’ अशी सरळ साखळीच तयार होते आणि खर्च 10 + 18 + 24 + 28 + 30 म्हणजे 110 होतो. दुसरी कल्पना अधिक समंजस आहे: दोन्ही बाजूंचे वजन, म्हणजे तिथल्या वारंवारतांची बेरीज, शक्य तितके सारखे राहील असा शब्द मुळाशी घ्यावा. ‘पाणी’ मुळाशी घेतल्यास डावीकडे 19 आणि उजवीकडे 13 वजन राहते, हाच सर्वांत कमी फरक आहे, आणि याच रीतीने पुढे गेल्यास खर्च 87 येतो. तरीही इष्टतम खर्च 85 आहे आणि त्या वृक्षाच्या मुळाशी ‘घर’ आहे, ज्याची वारंवारता सर्वाधिक नाही आणि ज्याच्या दोन्ही बाजूंची वजने 10 आणि 21 अशी विषम आहेत. पाच शब्दांचे एकूण 42 वेगवेगळे वृक्ष होतात, त्यामुळे येथे सगळे लिहून पाहणेही शक्य आहे. दहा शब्दांसाठी मात्र ही संख्या 16796 वर जाते.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे लहान भागांची उत्तरे एकदाच काढून मोठ्या भागासाठी वापरण्याची रीत, येथे का लागू पडते, हे एका निरीक्षणात सामावलेले आहे. वर्णक्रमातील i ते j या सलग शब्दांचा इष्टतम वृक्ष घेतला आणि त्याच्या मुळाशी k हा शब्द असला, तर डावीकडचा उपवृक्ष i ते k−1 या शब्दांचा आणि उजवीकडचा k+1 ते j या शब्दांचा असतो, आणि ते दोन्ही आपापल्या परीने इष्टतम असलेच पाहिजेत. नसतील, तर त्यांच्या जागी अधिक स्वस्त उपवृक्ष बसवून पूर्ण वृक्षाचा खर्च कमी करता आला असता. उपवृक्ष मुळाखाली टांगला की त्यातील प्रत्येक शब्द एक पातळी खाली सरकतो, म्हणजे खर्चात त्या उपवृक्षाच्या संपूर्ण वजनाची भर पडते. मुळाचे स्वतःचे वजनही मोजायचे असल्याने एकूण भर ही i ते j या सर्व शब्दांच्या वजनाइतकीच होते, मग मूळ कोणतेही असो. म्हणूनच सूत्र इतके सुटसुटीत आहे:

```
e[i,j] = w[i,j] + min (e[i,k-1] + e[k+1,j]),  i <= k <= j
```

येथे e[i,j] म्हणजे i ते j या सलग शब्दांच्या पट्ट्याचा इष्टतम खर्च आणि w[i,j] म्हणजे त्या पट्ट्याचे एकूण वजन; रिकाम्या पट्ट्याचा खर्च शून्य धरायचा. तक्ता लांबीच्या क्रमाने भरावा लागतो: आधी एकेका शब्दाचे पट्टे, मग दोन-दोन शब्दांचे, आणि शेवटी पूर्ण सूची. आपल्या नमुन्यात e[1,2] = 28, e[4,5] = 19, e[3,5] = 35 असे आकडे आधीच तयार असतात. पूर्ण सूचीसाठी ‘घर’ मुळाशी घेतल्यास दोन उपवृक्षांची बेरीज 10 + 35 = 45 होते, ‘पाणी’ घेतल्यास 28 + 19 = 47, आणि एकूण वजन 40 असल्याने उत्तरे 85 आणि 87 येतात. प्रत्येक पट्ट्यासाठी निवडलेले मूळ वेगळ्या तक्त्यात नोंदवून ठेवावे, कारण शेवटी वृक्ष त्यातूनच बांधायचा असतो: 1 ते 5 चे मूळ ‘घर’, मग 3 ते 5 चे मूळ ‘माती’, आणि तिच्या दोन बाजूंना ‘पाणी’ व ‘वाट’.

इथपर्यंतचे काम एका संध्याकाळी झाले. खरी भर पडली ती न सापडणाऱ्या शब्दांचा विचार केल्यावर. सूचीत नसलेले शब्दही लोक शोधतात, आणि असा प्रत्येक शोध दोन लगतच्या शब्दांमधल्या एखाद्या फटीत जाऊन संपतो. तिथे पोहोचेपर्यंत झालेल्या तुलनाही खर्चातच धरायला हव्यात. समजा, ‘माती’ आणि ‘वाट’ यांच्यामधल्या फटीत, म्हणजे ‘रात्र’, ‘रान’, ‘लोक’ अशा शब्दांसाठी, 20 निष्फळ शोध होतात आणि बाकी फटी रिकाम्या आहेत. आधीच्या इष्टतम वृक्षात ही फट ‘घर’, ‘माती’ आणि ‘वाट’ अशा तीन तुलनांनंतर येते, त्यामुळे खर्च 85 वरून 145 होतो. फटींची वजने w मध्ये मिळवून तक्ता पुन्हा भरला, तेव्हा मूळ ‘घर’वरून थेट ‘माती’वर सरकले. डावीकडे ‘घर’ आणि त्याच्याखाली ‘आई’ व ‘पाणी’, उजवीकडे एकटे ‘वाट’, आणि खर्च 131. सापडलेल्या शब्दांचा खर्च येथे 85 वरून 91 पर्यंत वाढला आहे, पण निष्फळ शोध तीनऐवजी दोन तुलनांत संपत असल्याने एकूण फायदाच होतो. माझ्या मते फटींची मोजणी ठेवली नसेल, तर या साऱ्या खटाटोपातून मिळणाऱ्या वृक्षाला इष्टतम म्हणू नये.

पुढचा प्रश्न वेळेचा होता. प्रत्येक पट्ट्यासाठी सर्व मुळे तपासली, तर 1000 शब्दांच्या सूचीसाठी सुमारे 16.7 कोटी पर्याय पाहावे लागतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी 1971 मध्ये दाखवून दिले की एवढे पाहण्याची गरज नाही. पट्ट्याच्या उजव्या टोकाला एक शब्द वाढवला, तर त्याचे इष्टतम मूळ डावीकडे सरकवावे लागत नाही, आणि डाव्या टोकाचा शब्द काढला, तरीही तसेच. म्हणून i ते j चे मूळ हे i ते j−1 चे मूळ आणि i+1 ते j चे मूळ यांच्या दरम्यानच शोधायचे. पहिल्या नमुन्यात 1 ते 4 चे मूळ ‘घर’ आणि 2 ते 5 चे मूळ ‘पाणी’ आहे. त्यामुळे पूर्ण सूचीसाठी पाच नव्हे, तर हेच दोन पर्याय तपासायचे उरतात. एकाच लांबीच्या सर्व पट्ट्यांच्या शोधमर्यादा एकमेकींना जोडून येत असल्याने त्यांची बेरीज 2n च्या आत राहते, आणि 1000 शब्दांसाठी एकूण पर्याय 15 लाखांच्या आत येतात.

```python
def obst(p, q):          # p[1..n], q[0..n]
    n = len(p) - 1
    e, w, r = ([[0]*(n+1) for _ in range(n+2)]
               for _ in range(3))
    for i in range(1, n+2):
        w[i][i-1] = q[i-1]
    for L in range(1, n+1):
        for i in range(1, n-L+2):
            j = i + L - 1
            w[i][j] = w[i][j-1] + p[j] + q[j]
            lo, hi = (i, i) if L == 1 else (r[i][j-1], r[i+1][j])
            k = min(range(lo, hi+1),
                    key=lambda k: e[i][k-1] + e[k+1][j])
            r[i][j] = k
            e[i][j] = w[i][j] + e[i][k-1] + e[k+1][j]
    return e, r
```

येथे `p` मध्ये शब्दांच्या वारंवारता आणि `q` मध्ये फटींची मोजणी आहे; `p[0]` वापरला जात नाही, आणि `q[4]` म्हणजे चौथ्या व पाचव्या शब्दांमधली फट. दोन मुळांचा खर्च समान आल्यास `min` नेहमी डावीकडचे मूळ निवडते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. माझ्या आधीच्या आवृत्तीत मी वारंवारतांना एकूण संख्येने भागून संभाव्यता वापरल्या होत्या. दशांशातल्या बारीक फरकांमुळे समान खर्चांपैकी कधी डावे, तर कधी उजवे मूळ निवडले जात होते आणि एका पट्ट्यात `lo` हा `hi` पेक्षा मोठा होऊन प्रोग्रॅम थांबला. न भागलेली पूर्णांक मोजणीच वापरल्यावर तो दोष गेला. पडताळणीसाठी मी आठ-दहा शब्दांचे यादृच्छिक नमुने घेऊन सर्व मुळे तपासणाऱ्या संथ आवृत्तीशी तुलना करतो, आणि ती तुलना फक्त खर्चाची असते, कारण समान खर्चाचे वृक्ष एकाहून अधिक असू शकतात.

दुसरा दोष मराठीच्या वर्णक्रमातून आला आणि तो शोधायला मला तीन दिवस लागले. शब्दकोशात ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, म्हणून ‘काशी’ आधी आणि ‘काळ’ नंतर. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा क्रमांक U+0933 असून तो ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘श’च्या आधी आहे, त्यामुळे पायथनची साधी तुलना ‘काळ’ला ‘काशी’च्या आधी मानते. मी सूची शब्दकोशाच्या क्रमाने लावली होती आणि शोध साध्या तुलनेने करत होतो. तक्ता बरोबर होता, खर्च बरोबर होता, वृक्ष डावीकडून उजवीकडे छापला की क्रमही देखणा दिसत होता; पण ‘ळ’ असलेले काही शब्द सूचीत असूनही सापडत नव्हते, कारण शोध वृक्षात चुकीच्या बाजूला वळत होता. आता सूची लावताना आणि शोधताना तुलनेचे एकच फंक्शन वापरले जाते. शिवाय वृक्ष बांधून झाल्यावर प्रत्येक शब्द प्रत्यक्ष शोधून, झालेल्या तुलना त्याच्या वारंवारतेने गुणून आणि फटींचेही तसेच करून, बेरीज `e[1][n]` शी जुळते का, हे प्रोग्रॅम स्वतः तपासतो. ही एक तपासणी सुरुवातीलाच ठेवली असती, तर ते तीन दिवस वाचले असते.

आता अडचण उरली आहे ती स्मृतीची, कारण कनुथ यांच्या सुधारणेने वेळ वाचतो, पण तक्त्यांचा आकार n² च राहतो. 1000 शब्दांना चार बाइटांच्या पूर्णांकांचा एक तक्ता 4 एमबी घेतो, तर संग्रहातील सर्व रूपे धरून सूची 20000 शब्दांवर गेल्यास तोच तक्ता 1.6 जीबी होतो, आणि असे तीन तक्ते लागतात. `w` ची जागा चढत्या बेरजांच्या एका ओळीने घेतली, तरी दोन उरतातच. त्या आकारासाठी वजन सारखे विभागणारी रीतच घ्यावी लागेल. संगणकशास्त्रज्ञ कुर्ट मेलहॉर्न यांनी 1975 मध्ये या प्रकारच्या विभागणीने मिळणारा वृक्ष इष्टतमाच्या जवळ राहतो, हे सिद्ध केले आहे, आणि आपल्या पहिल्या नमुन्यातही 85 च्या जागी 87 च आले होते. पुढच्या नोंदीत 1000 शब्दांच्या भागावर दोन्ही रीती चालवून, फटींच्या मोजणीसह, त्यांच्या खर्चांतला फरक मांडेन.