आमची वाटचाल : एकतीस भांडी

दुकानाबद्दल चार ओळी लिहायचं काम बाबांनी माझ्यावर सोपवलं, कारण घरात बीकॉम झालेला मी एकटाच. पहिल्या खेपेला मी लिहिलं : ‘तीन पिढ्यांचा विश्वास, उत्तम दर्जा, वाजवी भाव.’ बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद गल्ल्यावर ठेवला. म्हणाले, “हे शेजारच्या चपलांच्या दुकानालाही चालेल. त्यालाच देऊन टाक.”

मग मी विचारलं की काय लिहू. ते गिऱ्हाईकाकडे वळले. उत्तर दिलं चाचांनी. चाचा मागच्या पडवीत कल्हईची भट्टी सांभाळतात, आजोबांच्या वेळेपासून. भात्याच्या जागी पंखा आला तरी त्यांचा हात तोच आहे. ते म्हणाले, “पुराच्या वर्षाचं लिही की.” बाबांनी मान वळवली नाही, पण मोजलेली नाणी पुन्हा मोजायला लागले.

आमचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात. गोदावरी वाढली की आम्ही आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी त्याच्या कमरेला लागलं की खालच्या फळीवरची घंगाळं, हंडे, कळश्या वर चढवायच्या, ही आजोबांची शिस्त. १९६९ चा महापूर त्यांनी पाहिलेला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी आमच्या हातांपेक्षा जलद चढलं. पितळ वाचलं. पितळेला पुराचं काय! गाळ धुतला की झालं. पण पडवीतला नवसागर पोतंभर विरघळून गेला आणि कथिलाच्या कांड्यांची पेटी गाळासकट कुठे गेली ती सापडलीच नाही.

गौरी-गणपती तोंडावर होते. त्या दिवसांत लोक माळ्यावरची पातेली, तपेली काढून कल्हईला आणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काहीही ठेवलं की आंबटपणाने तांबं-जस्त उतरतं आणि अन्न कळकतं : हिरवट दिसतं, तोंड वेडंवाकडं होईल अशी चव येते. म्हणून आतून कथिलाचा पातळ थर द्यायचा. चाचा भांडं आधी घासून, पातळ तेजाबाने स्वच्छ करतात, मग भट्टीवर फिरवत तापवतात. बरोबर तापलं की आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर उठतो, आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची. ती लोण्यासारखी वितळते. कापसाच्या बोळ्याने ती झरझर पसरवायची आणि भांडं पाण्यात बुडवायचं. हे सगळं काही मिनिटांचं काम, पण ताप कमी पडला तर थर गोळ्यागोळ्यांनी बसतो आणि जास्त झाला तर पिवळा पडतो.

पेटी गेली होती आणि नेहमीच्या व्यापाऱ्याचाही माल भिजला होता. बाबांनी दुसऱ्या एकाकडून कथिल आणलं. भाव बराच कमी. चाचांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, “शेठ, हे जरा जास्तच लवकर पातळ होतंय.” बाबा म्हणाले, “मग चांगलंच की, कोळसा वाचेल.” हे वाक्य लिहू नको असं त्यांनी मला सांगितलं होतं. नंतर परवानगी दिली.

तीनेक आठवड्यांनी पंचवटीच्या एक मावशी पातेलं घेऊन आल्या. भांडण करायला नव्हे. “कल्हई गेली का हो? अळूची भाजी केली होती, कळकली तर नाही.” बाबांनी पातेलं उजेडात धरलं. कल्हई उडाली की खालचं पिवळं पितळ डोकावतं. इथे पिवळं कुठेच नव्हतं. थर शाबूत होता, पण रंग निळसर करडा, मेल्यासारखा. पांढऱ्या फडक्याने पुसलं तर फडकं काळं.

मावशी गेल्यावर चाचांनी उरलेली एक कांडी आणली. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की करकर वाजते. आजोबांच्या देवघरात अशी एक जुनी कांडी होती, ती वाकवली, वाजली. नवी वाकवली, गप्प. मग ती कोऱ्या कागदावर ओढली. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. त्यात शिसं होतं. कथिल २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, पण दोन्ही एकत्र आली की मिश्रण एकट्या कथिलापेक्षा लवकर वितळतं. चाचांच्या हाताला हेच पहिल्या दिवशी कळलं होतं.

बाबा त्या रात्री जेवले नाहीत. कारण सांगितलं ते आजही तसंच सांगतात : “कळकलेलं अन्न जीभ थुंकून टाकते. शिसं चिंचेत उतरलं तर जिभेला कळत नाही. मावशी म्हणाल्या ना, भाजी कळकली नाही.”

कल्हईची वही आजोबांची सवय म्हणून आम्ही ठेवतो : नाव, भांडं, तारीख. त्या मालाने केलेली एकतीस भांडी निघाली. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला पत्ते देऊन सायकलवरून पाठवलं. जुने नाशिक, रविवार कारंजा, पंचवटी, एक तर थेट मखमलाबादला. काही जणांनी ऐन सणात भांडं द्यायला नकार दिला, तर त्यांना दुकानातलं स्टीलचं पातेलं देऊन पितळेचं आणलं. परत आलेलं भांडं पुन्हा तापवायचं, वितळलेला थर बोळ्याने पुसून काढायचा, बोळा फेकायचा, पुन्हा तापवायचं. मग तेजाब आणि सगळं पहिल्यापासून. एका भांड्याला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. सव्वीस भांडी आली. पाच जणांचा पत्ता लागला नाही, वहीत नुसती आडनावं होती. तेव्हापासून वहीत फोन नंबर लिहितो.

कथिल आता तपासणीच्या कागदासकटच घेतो. वाकवणं आणि रेघ ओढणं चालूच आहे, पण भेसळ थोडी असेल तर कानाला आणि कागदाला ती पकडता येत नाही, हे बाबा स्वतः गिऱ्हाईकाला सांगतात. आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पितळेचं भांडं बांधून देत नाहीत. कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही आणि त्यात फोडणी करायची नाही, थर वितळतो. आणि तारेच्या घासणीने घासायचं नाही. यावर काही गिऱ्हाइकं “मग राहू द्या” म्हणून स्टील घेऊन जातात. बाबांना चालतं. मला, खरं सांगतो, दर वेळी चालत नाही.

हे सगळं लिहून मी बाबांना दाखवलं. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. नवसागर पोतंभर नव्हता, अर्धं पोतं होता. आणि शेवटी लिहायला लावलं की २०१६ च्या गणपतीआधी आमच्याकडून कल्हई करून नेलेलं भांडं कुणाच्या माळ्यावर असेल तर घेऊन यावं.

“बाबा, एवढ्या वर्षांत त्यावर काय उरलं असेल?”

“न वापरलेलं असेल तर सगळं उरलं असेल. पाच भांडी आहेत. पैसे घेऊ नकोस.”