येता येणार नाही, हे कळवताना

माझ्या पूर्वीच्या वरिष्ठांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हाती आली, तेव्हा नेमक्या त्याच आठवड्यात आईची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि जाणे शक्य नाही हे मला त्या क्षणीच कळले होते. तरीही मी ४ दिवस काहीच कळवले नाही. ‘जमवण्याचा प्रयत्न करतो’ असे लिहून तूर्त वेळ मारून न्यावी, असेही मनात येऊन गेले. परंतु किती माणसांची व्यवस्था करायची हे यजमानांना ठरवायचे असते आणि त्यांच्या दृष्टीने असे अर्धवट उत्तर स्पष्ट नकारापेक्षाही अडचणीचे ठरते.

पहिल्या मसुद्यात मी आईच्या आजाराविषयी जवळजवळ पाऊण पान लिहिले होते. माझ्या पत्नीने ते वाचले आणि म्हणाली, “अहो, घरात लग्न असताना ते तुमचे सांत्वन करत बसतील.” तिचे म्हणणे अगदी खरे होते. कारण खरे असावे, पण ते एका वाक्यात संपावे, हे मला तेव्हा पटले.

भेटीच्या उल्लेखाने मात्र मला खरे अडवले. ‘येता येत नाही, त्याऐवजी एक छोटीशी भेट पाठवत आहे’ असे मी लिहिले होते. ‘त्याऐवजी’ या एका शब्दामुळे आमच्या अनुपस्थितीची भरपाई केल्यासारखे वाटत होते. मी तो शब्द काढलाच, शिवाय दिलगिरी आणि भेट यांच्यामध्ये शुभेच्छांचे वाक्य आणले, म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडला जाणार नाही. भेट काय आहे, हेही लिहिले नाही. पत्रिकेत ‘भेटवस्तू आणू नये’ अशी विनंती असती, तर तो उल्लेख मी पूर्णपणे गाळला असता.

शेवटी पाठवलेले उत्तर असे होते:

“आदरणीय सर, आपल्या मुलीच्या विवाहाचे निमंत्रण मिळाले. आपण आम्हाला आठवणीने बोलावलेत, याचा फार आनंद झाला. त्याच आठवड्यात आईची शस्त्रक्रिया असल्याने आम्हा तिघांपैकी कोणालाही उपस्थित राहता येणार नाही, याची मनापासून खंत वाटते. वधूवरांना सुखी सहजीवनासाठी आमच्या हार्दिक शुभेच्छा. त्यांच्यासाठी एक छोटीशी भेट प्रेमपूर्वक पाठवत आहोत. समारंभाची धावपळ ओसरल्यावर ती आपल्या घरी पोहोचेल.”

निमंत्रण सहकुटुंब होते, म्हणून ‘तिघांपैकी कोणालाही’ असे लिहिणे आवश्यक होते. नुसते ‘मला’ लिहिले असते, तर बाकीचे दोघे येणार असा समज झाला असता. भेट मुद्दाम लग्नानंतरच्या आठवड्यात पोहोचेल अशी पाठवली आणि आत आमची पूर्ण नावे लिहिलेले कार्ड ठेवले, कारण भेट हाती द्यायला आम्ही तिथे नव्हतो आणि ती कोणाकडून आली हे सांगायला तेवढे कार्डच होते.