उसाची बिलं मागितली तेव्हा

न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात दोन भावांचा वाटपाचा दावा माझ्याकडे आला होता. (मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सातबारा आणि विहिरीच्या पाण्याची पाळी यांवर बोलणं नीट चाललं होतं. मग धाकट्याच्या वकिलांनी मागच्या दहा वर्षांची उसाची बिलं मागितली आणि थोरले नाना ताडकन उठले.

"मी चोर आहे का?" असं ते भावावर ओरडले, आणि लगेच माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीही त्यांनाच सामील! उसाला रात्रीचं पाणी दिलंय कधी?"

पक्षपाताचा आरोप मला नेमका झोंबतो. कान तापले, खुलासा तोंडावर आला. अशा वेळी मी पेन खाली ठेवते, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवते आणि श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडते. तेवढ्यानं पहिलं वाक्य गिळता येतं. "शांत व्हा" तर मी कधीच म्हणत नाही. त्यातून 'तुमचा राग चुकीचा आहे' एवढंच ऐकू जातं.

मी म्हटलं, "नाना, शेत तुम्ही सांभाळलंत आणि आज सगळ्यांसमोर झडती घेतल्यासारखं झालं."

"झालं नाही, तसंच आहे!" आवाज आणखी चढला. हे बहुधा होतंच, दुखणं ओळखलं की आधी ते उसळतं. मी गप्प राहिले. मग धाकट्याला आणि दोन्ही वकिलांना चहाला पाठवलं. 'तुमच्याशीही तेवढाच वेळ स्वतंत्र बोलणार आहे,' असं धाकट्याला दारातच सांगितलं, नाहीतर पुढचा राग त्याचा. भडकलेलं शरीर निवायला वीसेक मिनिटं तरी लागतात, त्याआधी आकड्यांची चर्चा फुकट जाते.

नाना वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत राहिले. मध्येच मी विचारलं, "सोसायटीचं कर्ज कुठल्या साली काढलंत?" ते थांबले, बोटांवर वर्षं मोजू लागले. आठवून उत्तर द्यायला लागलं की आवाज आपोआप खाली येतो. विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं, की माणूस पुन्हा बोलण्यात आला असं मी समजते. "करा काय करायचं ते," ही मात्र शांतता नव्हे. त्या अवस्थेत घेतलेली सही घरी पोचेपर्यंत टिकत नाही. आणि कुणी हात उगारला किंवा धमकी दिली, तर मी बैठक तिथेच बंद करते. तिथे श्वासबीस कामाचा नाही.

धाकट्याशी बोलल्यावर कळलं, दवाखान्यासाठी कर्ज काढलेलं त्याला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी तडजोड झाली नाही. पुढच्या तारखेला नानांनी बिलं आणायची, पण त्याच कागदावर दवाखान्याचा आणि कर्जाच्या हप्त्यांचा खर्चही मांडायचा, एवढं मात्र दोघांनी मान्य केलं. जाताना नानांनी विचारलं, "व्याजही धरायचं ना?" आणि त्यावरून दोघं जिन्यात पुन्हा वाद घालू लागले, पण या वेळी व्याजाच्या दरावरून.