पाणी कमी प्यायली म्हणून नव्हे

"मैत्रिणीला पाचव्या महिन्यात डॉक्टरांच्या सल्ल्यानं बाळ काढावं लागलं. भेटायला जाऊ का? गेले तर बोलू काय?"

जावा. पण आत शिरण्याआधी, ओळखीच्यांना काय सांगितलंय, एवढं तिला फोनवर विचारून घ्या. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाहेर 'पडलं' एवढंच सांगतात. ते तसंच राहू दे. खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं तरी जावेसमोर ते उघडं करायचं काम तुमचं नव्हे.

बेळगावकडे बाळंतिणींच्या वॉर्डात माझी नोकरी झाली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. सांगते ती गोष्ट मात्र खानापूरकडच्या माझ्याच एका मैत्रिणीची. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये पोटात पाणी जवळजवळ नव्हतंच, आणि बाळाच्या दोन्ही किडन्या दिसेनात. बेळगावात दुसऱ्या डॉक्टरांकडे स्कॅन केला, तेच निघालं. घरी सासूबाई म्हणाल्या, "पाणी पी, पाणी पी म्हणून घसा कोरडा केला मी." शेजारणीनं ग्रहण काढलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण सांत्वनाला गेल्यावर हेच कामाला येतं. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर पिशवीतलं पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. किडन्याच नाहीत तर पाणी कुठून येणार? आईनं घागर रिकामी केली असती तरी ते वाढलं नसतं. ते पाणी आत-बाहेर घेतच बाळाची फुप्फुसं वाढतात. पाणी नाही म्हणून फुप्फुसं नीट वाढत नाहीत, आणि असं बाळ जन्मलं तर बहुधा काही तासांत जातं. पोटात असेपर्यंत मात्र वार त्याचं काम भागवत असते, त्यामुळे ठोके चालू असतात. आणि नेमकं तेच आईला छळतं.

"ठोके ऐकले होते गे मी," ती म्हणाली. "आणि सही मीच केली."

गर्भपाताच्या कायद्यानं सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस ते चोवीस आठवड्यांत अशा कारणासाठी दोन डॉक्टरांचं मत घेतात. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. कायदा बाईच्या बाजूचा आहे, चांगलंच आहे. पण कागदावर नाव एकटीचं उरतं, आणि रात्री ते डोळ्यांपुढे येतं.

मी तिला म्हटलं, "तुझ्या सहीनं किडन्या गेल्या नाहीत. त्या बनल्याच नव्हत्या. बाळ गेलं, मला फार वाईट वाटतंय." 'योग्य केलंस' असं आपणहून म्हटलं नाही. तिनं विचारलं असतं तर म्हटलं असतं. न विचारता म्हटलं की आपण न्यायाधीश होऊन बसतो. काही बाया दिवस भरेपर्यंत थांबतात, तोही त्यांचा निर्णय. 'अजून वय आहे', 'पुढच्या वेळी होईल' हे तर गिळूनच टाका. तिला ते बाळ हवं होतं.

आणखी एक. याला 'गोळ्या घेऊन मोकळी झाली' म्हणू नका. आधी एक गोळी देतात, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या, मग बाळंतपणासारख्याच कळा येतात. दोन-चार दिवसांत दूधही येतं, आणि ते बहुतेकींना कुणी आधी सांगितलेलंच नसतं. माझ्या मैत्रिणीचा ब्लाउज भिजला तेव्हा ती मोरीत जाऊन रडली. अशा वेळी घट्ट बसणारी ब्रा घालायची, थंड फडकं ठेवायचं आणि सारखं पिळून काढायचं नाही. दूध आटवायची गोळी असते, डॉक्टरांना विचारायची. ताप आला, अंगावरून घाण वास आला किंवा तासाभरात पॅड भिजू लागलं तर लगेच दवाखाना. हे बघायला घरात कुणी तरी हवं, ते तुम्ही व्हा.

आणि गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचं तायी कार्ड विसरू नका. नाव नोंदलेलं असतं, त्यामुळे आशा अक्का तपासणीची आठवण करायला दारात येते, अंगणवाडीतून निरोप येतो. बिचारीला ठाऊक नसतं. मैत्रिणीची परवानगी घेऊन मी आशा अक्काला बाजूला गाठलं, नोंद बदलून घ्यायला सांगितलं, आणि यायचं असेल तर तब्येत विचारायला ये म्हटलं. ती आली. डोहाळजेवणाच्या आमंत्रणांचंही तेच: तिला बोलवा, पण 'नाही आलीस तरी चालेल गे' हेही त्याच फोनवर सांगा. जिथं नोकरी आहे तिथं मातृत्व रजेच्या कायद्याखाली यानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. तो अर्ज भरून द्यायचं कामही तुम्ही घेऊ शकता.