चौतीस माणसं, आठ चेहरे

गिरगावातल्या एका चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा जुना ग्रुप फोटो आमच्याकडे आला होता. तीन रांगा, चौतीस माणसं. त्यातल्या आठ जणांचे चेहरे ओल लागून पुसट झालेले, आणि त्या आठ जणांचे त्याच काळातले स्वच्छ फोटो घरच्यांनी पाकिटातून दिले होते. ते चेहरे ज्याचे त्यालाच बसवायचे होते. चेहरे बसवायला आम्ही वापरतो ते `inswapper_128` मॉडेल व्यावसायिक वापरासाठी खुलं नाही, म्हणून काम बिनपैशाचं केलं.

पहिल्या प्रयत्नात कोणत्या चेहऱ्यावर बसवायचं ते सांगायला टूलला `0,1,2` असे क्रमांक दिले आणि पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोराच्या धडावर आजोबांचा चेहरा आला. कारण साधं आहे. टूल चेहरे डावीकडून उजवीकडे मोजत होतं, म्हणजे फक्त चौकटीची डावी कड बघत होतं. रांग त्याला कळत नाही. पोराची कड मागे उभ्या असलेल्या आजोबांच्या थोडी अलीकडे होती, त्यामुळे पोराचा नंबर आधी लागला. आपण मात्र ‘मागच्या रांगेत तिसरे’ असं मोजतो.

शिवाय चौतीसपैकी सापडले होते एकतीसच चेहरे. शोधणारं मॉडेल फोटो आधी 640 पिक्सेलवर आणतं. आमचा स्कॅन 6000 पिक्सेल रुंद, म्हणजे 150 पिक्सेलचा चेहरा उरतो जेमतेम 16 पिक्सेलचा. तीन चेहरे सुटले की त्यांच्या पुढचा प्रत्येक क्रमांक सरकतो. स्कॅनचे एकमेकांवर थोडे चढणारे तीन तुकडे करून शोधल्यावर चौतीसच्या चौतीस मिळाले. सांध्यावर दोनदा सापडलेले चेहरे तेवढे गाळावे लागले.

मग क्रमांकांचा नाद सोडला आणि चेहऱ्यांची तुलना केली. प्रत्येक चेहऱ्याचा 512 आकड्यांचा ठसा मिळतो. दोन ठसे जितके जुळतात तितका गुणांक मोठा.

```python
S = np.array([[s.normed_embedding @ t.normed_embedding
               for t in targets] for s in sources])
i, j = linear_sum_assignment(-S)
```

शेवटची ओळ का लागते, ते दोन भावांच्या बाबतीत दिसलं. थोरल्याचा फोटो उभ्या माणसाशी 0.41 आणि खुर्चीतल्याशी 0.39 जुळत होता. धाकट्याचा उभ्याशी 0.44 आणि खुर्चीतल्याशी 0.30. प्रत्येकाला ‘सर्वात जवळचा’ निवडू दिलं असतं, तर दोघेही उभ्याच माणसावर गेले असते. एकास एक जोडी लावली की बेरजा बघितल्या जातात: थोरला उभा तर 0.71, थोरला खुर्चीत तर 0.83. म्हणून थोरला खुर्चीत. पण भावांचे चेहरे सारखे आणि इथे दोन्ही पुसट, त्यामुळे एवढ्या फरकावर आम्ही भिस्त ठेवत नाही. फोटोचा मोठा प्रिंट काढून प्रत्येक डोक्यावर आकडा लिहिला आणि चाळीतल्या काकांपुढे ठेवला.

“थोरला खुर्चीतलाच. धाकटा खांद्यावर पंचा टाकून उभा आहे बघा,” काका म्हणाले. आकडा लिहिलेला असला की ‘डावीकडून’ म्हणजे आपल्या डावीकडून की फोटोतल्यांच्या, हा घोळही राहत नाही.

सगळ्यात जास्त फसवलं आठव्या फोटोनं. त्याचा सर्वात चांगला गुणांक 0.12 होता, तरी जोडी लावणाऱ्या ओळीनं त्याला एक माणूस देऊन टाकला, कारण प्रत्येक फोटोला कोणी ना कोणी द्यायचंच हे तिचं काम. आम्ही 0.25 च्या खालची जोडी आपोआप मान्य करत नाही, माणसाला विचारतो. विचारल्यावर कळलं, ते गृहस्थ फोटोत नव्हतेच. कॅमेऱ्यामागे होते. आठवा पुसट चेहरा त्यांच्या मेव्हण्यांचा निघाला. त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी आला, तो 0.47 जुळला.

चेहरे बसवताना मूळ फोटोवर एकदाच शोधलेले `targets` शेवटपर्यंत वापरले. प्रत्येक बदलानंतर नव्यानं शोध घेतला, तर एखादा चेहरा सापडतो, एखादा सुटतो, आणि क्रम पुन्हा हलतो.

बसवून झाल्यावर चेहरा घरच्यांनी दिलेल्या फोटोशी जुळतो का, ही तपासणी बरेच जण करतात. तिच्यावर विसंबू नका. चुकीच्या माणसावर बसवलेला चेहराही तिथे उत्तम जुळतो, कारण तो आपणच बसवलेला असतो. योग्य माणूस कोणता, हे बदलाआधीच्या चेहऱ्यावरूनच ठरतं. पोराच्या धडावरचे आजोबा या तपासणीत सहज पास झाले होते.

मंडळाला दोन प्रिंट दिले: मूळ जसाच्या तसा, आणि दुसऱ्याखाली ‘आठ चेहरे नंतर बसवलेले’ असं लिहून, त्या आठ जणांच्या आकड्यांसह.