शेवटचं स्टेशन झोपेत गेलं त्या रात्री घरी कशी पोहोचले

मला जाग आली ती गाडीच्या हिसक्यांनी. स्टेशनात शिरताना गाडी हळू होत थांबते. इथे ती एकदा डावीकडे, मग उजवीकडे कलत होती आणि खालून खडखड असा आवाज येत होता. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाताना असा आवाज येतो हे मला नंतर कळलं. डब्यातले अर्धे दिवे बंद झाले होते आणि डब्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मोबाईलवर 12 वाजून 58 मिनिटं झाली होती. माझं स्टेशन 12:20 चं. म्हणजे ते गेलं होतं, शेवटचं स्टेशनही गेलं होतं आणि रिकामी गाडी आता रात्रभर उभी राहायला यार्डात चालली होती.

सेकंड शिफ्ट दोन तास लांबली होती. मी खिडकीला डोकं टेकून, जॅकेट तोंडावर ओढून बसले होते. सीटची पाठ उंच होती, त्यामुळे दारातून डबा बघणाऱ्याला मी दिसलेच नसेन.

पहिली दोन मिनिटं मला काहीच सुचत नव्हतं. गाढ झोपेतून एकदम उठल्यावर मेंदू अर्धवट झोपेतच असतो. ही गुंगी बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतरते, पण तोवर घेतलेले निर्णय भरवशाचे नसतात. माझ्या मनात आलेला पहिला विचार हाच होता की गाडी हळू चालली आहे तर दार उघडून उतरावं. तो मी अमलात आणला नाही, याचं मला अजूनही हायसं वाटतं. प्लॅटफॉर्म नसतो तिथे डब्याचा तळ जमिनीपासून मीटरभराहून उंच असतो, खाली सैल खडी असते आणि अंधारात शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येतेय का ते दिसत नाही. शिवाय यार्डातली वीज रात्री बंद असेल असं धरून चालता येत नाही. काही ठिकाणी ती डोक्यावरच्या तारेतून जाते, काही ठिकाणी जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून. तारेत 25,000 व्होल्ट असतील तर तिला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ जाणंही जिवावर बेततं.

दाराशेजारी चालकाशी बोलायचं बटण होतं. रोज ये-जा करूनही त्याच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. मी ते दाबून धरलं. चालक केबिनमध्ये आहे तोवरच त्याचा उपयोग होता. गाडी उभी करून, सगळं बंद करून तो निघून गेला असता तर पलीकडे ऐकायलाच कुणी नसतं. थोड्या वेळाने आवाज आला, "बोला, कोण आहे?" मी म्हणाले, "मी प्रवासी आहे. झोप लागली, शेवटच्या स्टेशनला उतरायचं राहिलं. डब्यात एकटीच आहे." त्यांनी डब्याचा नंबर विचारला. तो दाराच्या वर लिहिलेला असतो, तो वाचून सांगितला. "दाराला हात लावू नका. गाडी थांबली की मी येतो," एवढंच ते म्हणाले.

गाडी थांबल्यावर बऱ्याच वेळाने टॉर्चचा उजेड दिसला. चालक आतूनच डबे ओलांडत आले होते. त्यांनी मला केबिनपर्यंत नेलं आणि तिथल्या शिडीने उतरवलं, तोंड गाडीकडे करून, दोन्ही हातांनी दांडा धरून. खाली आल्यावर त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, माझ्या मागेच चाला. दुसरी, रुळावर पाय ठेवू नका, ओलांडायचा असेल तर त्याच्यावरून पाऊल पलीकडे टाका. रूळ गुळगुळीत असतो आणि रात्री दव पडलं की पाय सटकतो. जिथे दोन रूळ एकमेकांना मिळतात तिथली पट्टी तर दुरून सरकवली जाते, तिच्या फटीत पाऊल अडकलं तर सुटत नाही. आम्ही रुळांमधल्या आखलेल्या वाटेने चाललो. स्टेशनचा फलाट समोर दिसत होता, तरी तिथे पोहोचायला पंधरा मिनिटं लागली.

स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना मी आपणहून तिकीट दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. तिकीट माझ्याच स्टेशनपर्यंतचं होतं, त्यामुळे पुढच्या अंतराचं भाडं मागितलं असतं तर ते द्यायची माझी तयारी होती. त्यांनी वहीत माझं नाव आणि वेळ लिहून घेतली. मी तीनच गोष्टी विचारल्या: पहिली गाडी किती वाजता, स्टेशन रात्री उघडं असतं का, आणि रस्ता कोणत्या बाजूला. पहिली गाडी 4:20 ला होती. स्टेशन बंद करणार होते. रस्ता तिकीट खिडकीच्या बाजूला होता. हा तिसरा प्रश्न मी सहज विचारला होता, पण त्या रात्री सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

आता 1:25 झाले होते. घर रस्त्याने 21 किलोमीटर. चालायचं म्हटलं तर चांगल्या रस्त्यावरही ताशी पाच किलोमीटर धरावे लागतात, म्हणजे चार तासांहून जास्त, तेही दमलेल्या पायांनी. तितक्या वेळात पहिली गाडीच येते. म्हणून चालण्याचा विचार मी सोडला. तीन तास थांबायला हरकत नव्हती, पण छप्पर आणि माणसं असलेली जागाच उरणार नव्हती. राहिली टॅक्सी.

मोबाईलची बॅटरी 9 टक्के होती. मी टॅक्सीचं अॅप उघडलं आणि चाक फिरत राहिलं. सिग्नल कमजोर असला की फोन तो शोधण्यात जास्त बॅटरी खातो. त्यात स्क्रीन उजळ आणि नकाशा सुरू. दोन मिनिटांत 7 टक्के झाले. तेव्हा मी अॅप बंद केलं आणि घरी लहान बहिणीला फोन लावला. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच. बोलणं मिनिटभराचंच झालं.

"अगं, मी ठीक आहे. झोप लागली, शेवटच्या स्टेशनला आलेय. माझी बॅटरी संपत आलीय. तू तुझ्या फोनवरून गाडी बुक कर. गाडीचा नंबर आणि कोड मला मेसेजने पाठव. फोन नको करू."

"बरं ताई. तू आहेस कुठे नक्की?"

"तिकीट खिडकीच्या बाजूला, मुख्य दरवाजाबाहेर. यार्डाच्या बाजूला नाही."

घरच्या माणसाने गाडी बुक केली की त्याच्याकडे चार्जर असतो, नीट सिग्नल असतो आणि मुख्य म्हणजे डोकं जागेवर असतं. शिवाय गाडी कुठे आहे ते त्याला नकाशावर शेवटपर्यंत दिसत राहतं, मग माझा फोन बंद पडला तरी चालतं. कॉल संपताच मी मोबाईल डेटा बंद केला, उजेड अगदी कमी केला आणि बहिणीचा नंबर तिकिटाच्या मागे पेनाने लिहून ठेवला. तो नंबर मला पाठ नाही, हे मला लिहिताना कळलं. आता पाठ आहे.

पहिल्या दोन चालकांनी बुकिंग रद्द केलं. तिसरे निघाले, पण पंधरा मिनिटं झाली तरी गाडी दिसेना. बहिणीचा मेसेज आला, "ताई, गाडी तिथेच उभी आहे म्हणतात." बघितलं तर गाडी रुळांच्या पलीकडे, यार्डाच्या भिंतीजवळ उभी होती. बहिणीने नकाशावर स्टेशनचं नाव टाकलं होतं आणि खूण पडली होती रुळांच्या मधोमध. तिथून सरळ रेषेत जवळचा रस्ता पलीकडचा. मधला पादचारी पूल रात्री बंद. माझ्यापासून गाडी फार तर दोनशे मीटर, पण रस्त्याने वळसा घालून यायचं तर तीन किलोमीटर. मी चालकांना स्वतः फोन केला, त्याच कामासाठी मी बॅटरी राखली होती. "दादा, मी तिकीट खिडकीच्या बाजूला आहे. तुम्हाला रुळाखालच्या बोगद्यातून इकडे यावं लागेल." हा बोगदा मला स्टेशनच्या कर्मचाऱ्यांनी सांगितला होता. चालक वैतागले नाहीत. म्हणाले, "ताई, उजेडात थांबा, आलो दहा मिनिटांत."

शटर खाली आल्यावर मी मुख्य दरवाजावरच्या दिव्याखाली उभी राहिले, पाठ भिंतीला लावून. रस्त्याच्या टोकाशी जाऊन वाट बघण्याचा मोह झाला होता, पण तिथे अंधार होता आणि सांगितलेली जागा सोडली की पुन्हा चुकामूक. गाडी आली तेव्हा आधी नंबर जुळवला, मग त्यांनाच विचारलं, "कोणाच्या नावाने बुकिंग आहे?" त्यांनी बहिणीचं नाव सांगितल्यावर मी मागच्या सीटवर बसले. बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. पुन्हा झोप लागू नये म्हणून मी खिडकी अर्धी उघडली आणि त्यांच्याशी बोलत राहिले. आधीच्या दोघांनी का रद्द केलं असेल ते त्यांनी सांगितलं: इतक्या रात्री इतक्या लांब गेलं की परत रिकामं यावं लागतं. ते स्वतः माझ्याच दिशेला राहत होते आणि दिवसाची शेवटची फेरी घराकडची मिळाली म्हणून त्यांनी घेतली. तेव्हापासून रात्री गाडी मिळत नसेल तर चालकाला फोनवर नीट सांगायचं की मला अमुक दिशेला जायचं आहे, हे मी लक्षात ठेवलं आहे.

2:50 ला मी दारात होते. बहीण जिन्यात उभी होती, हातात तिचा फोन, त्यावर अजून नकाशा सुरू.

आता सेकंड शिफ्टला मी दोन गजर लावते, एक माझ्या स्टेशनच्या दहा मिनिटं आधीचा आणि दुसरा तीन मिनिटं आधीचा, कारण गाडी उशिरा धावली की पहिला गजर फार लवकर वाजतो आणि तो बंद करून डोळा लागतो. फोन पर्समध्ये न ठेवता हातात धरते, म्हणजे तो थरथरला तरी कळतं. दुसरा गजर झाला की बसून राहत नाही, उठून दाराशी जाऊन उभी राहते. पर्समध्ये छोटी पॉवर बँक आहे. बहिणीचा नंबर लिहिलेलं ते तिकीटही तिथेच आहे.