सहाव्या ऑर्डरला चार हजार का नाहीत?

जुळे सोलापुरातल्या एका इलेक्ट्रिकल दुकानाचे काका सहा महिन्यांपासून छतावरच्या सोलरसाठी गिऱ्हाईक पाठवत होते. परवा दुपारी कमिशनचं बोलायला त्यांच्याकडे गेलो, ते आमची वही घेऊनच. त्यांनी पाठवलेली नावं चौदा, जागा पाहून झाली नऊ ठिकाणी, काम झालं पाच घरांत. समोर स्वतःचेच आकडे असले की बोलणं अंदाजावर राहत नाही.

काका आधी संकोचले. "गिऱ्हाईकाला कळलं तर म्हणेल, माझ्या बिलात याचे पैसे घातले." शंका रास्त होती. मी सांगितलं, दर सगळ्यांना एकच. तुमचे पैसे आमच्या नफ्यातून जाणार. कुणी विचारलंच तर खुशाल सांगा.

टक्केवारी मी मुद्दाम टाळली. टक्का ठरवला की प्रत्येक बिल दाखवावं लागतं, आणि तो करासकट की कराविना, यावरून वाद होतो. ३ किलोवॉटच्या कामात आम्हाला साधारण वीस हजार सुटतात. जाहिरातीतून मिळालेल्या एका ऑर्डरमागे पाचेक हजार खर्च होतात. म्हणून ठोक चार हजार सुचवले.

खरी चर्चा झाली पैसे कधी द्यायचे यावर. काकांना वाटलं, ऑर्डर पक्की झाली की. पण बँकेचं कर्ज अडकलं की पक्की ऑर्डरही मोडते, आणि दिलेलं कमिशन परत मागताना संबंध बिघडतात. म्हणून ठरलं, गिऱ्हाईकाची पूर्ण रक्कम आमच्या खात्यात आली की पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला.

मग कराचं. वर्षभराचं कमिशन २० हजारांच्या पुढे गेलं की आम्हाला २ टक्के टीडीएस कापावा लागतो, तोही सुरुवातीपासूनच्या सगळ्या रकमेवर. पाच ऑर्डरींचे बरोबर २० हजार होतात, तिथवर काही कापायचं नाही. सहावीला एकूण २४ हजार होतात, टीडीएस ४८० रुपये, म्हणून त्या वेळी हातात ३,५२० येतील. हे आधी सांगितलं नाही तर समोरच्याला वाटतं, पैसे मारले. रिटर्न भरताना ती रक्कम त्यांच्या नावावर जमा दिसते. त्यासाठी पॅन आधीच घेतला. पॅन नसेल तर कपात २० टक्के. त्यांचा जीएसटी नंबर आहे, त्यामुळे कमिशनचं बिल ते १८ टक्के कर लावून देतील. टीडीएस मात्र कर सोडून मूळ रकमेवरच.

शेवटी काकांनीच विचारलं, "एकच माणूस मी पण पाठवला आणि दुसऱ्यानं पण, तर?" हे माझ्या कागदावर नव्हतं. तिथंच लिहिलं: गिऱ्हाईकाला विचारून नाव, नंबर आणि लाइट बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर ज्याचा आधी येईल, त्याचं. आम्ही त्याच दिवशी 'नवीन' किंवा 'आधीच आलंय' एवढं उत्तर द्यायचं. नाव नव्वद दिवस त्यांच्या खात्यावर राहील.

दोघांनी सह्या केल्या. पानभर मजकूर, दोन प्रती.